टीम चॅनेलवर सहकाऱ्याचा आकडा चुकलाय, आता रिप्लाय नेमका कसा लिहायचा

टीमच्या चॅनेलवर कुणीतरी चुकीची माहिती टाकतं, तुम्हाला ती दिसते, आणि पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही काय टाइप करता त्यावर दोन गोष्टी ठरतात. एक, बाकीचे लोक चुकीच्या माहितीवर काम करत सुटतात का. आणि दुसरी, तो सहकारी पुढच्या वेळी चॅनेलवर काही टाकायला धजावतो का. बहुतेक जण यातली एकच सांभाळतात. काही जण सगळ्यांसमोर "हे चुकीचंय" लिहून मोकळे होतात, आणि काही जण त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतात आणि चुकीचा आकडा तसाच पुढे जाऊ देतात.

स्पेलिंग चुकलं, वार चुकला पण तारीख बरोबर आहे, असल्या गोष्टींना हात लावायचीच गरज नाही, फारतर डीएम करा. इथे आपण अवघड केस घेऊ, म्हणजे चूक खरी आहे, मोठी आहे आणि लोक त्यावर निर्णय घ्यायला लागलेत.

केस अशी आहे

ऑनलाइन विक्री करणारी टीम, चॅनेलवर तीसेक लोक. सकाळी १०:२० ला एक सहकारी रद्द होण्याच्या कारणांचा तक्ता जोडून मेसेज टाकते: "मागच्या महिन्यात २,००० ऑर्डरपैकी ३६० रद्द झाल्या, म्हणजे १८ टक्के. त्याच्या आधीच्या महिन्यात ११ टक्के होत्या." १०:३१ ला मार्केटिंगमधला एक जण खाली लिहितो, "बापरे, मग आज दुपारपासून डिस्काउंट बंद करूया का?" आणि त्यावर मॅनेजरचा अंगठा पडतो.

तुम्हाला माहितेय की मागच्या महिन्यात टेस्टिंगवाल्यांनी नवीन पेमेंट पेज तपासायला १४० खोट्या ऑर्डर टाकल्या होत्या आणि सगळ्या रद्द केल्या होत्या. त्या फिल्टरने बाहेर काढायला हव्या होत्या, त्या राहिल्यात.

आधी स्वतःचं गणित तपासा

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. घाईघाईत डोक्यात काय होतं तर ३६० मधून १४० वजा केले, २२० राहिले, २,००० ने भागले, ११ टक्के. म्हणजे काहीच वाढलेलं नाही! आणि तुम्ही तसं लिहून टाकता. पण त्या १४० ऑर्डर एकूण ऑर्डरींतही मोजल्या गेल्यात, त्यामुळे त्या खालूनही काढायला हव्यात. २२० भागिले १,८६०, म्हणजे ११.८ टक्के. फरक लहान दिसतो, पण "काहीच वाढ नाही" आणि "थोडी वाढ आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दुसऱ्याची चूक दाखवताना आपणच चुकलो की चॅनेलवर दोघांचीही माती होते आणि कुठला आकडा धरायचा हे कुणालाच कळत नाही.

अजून दोन गोष्टी बघा. आधीच्या महिन्याच्या ११ टक्क्यांत टेस्ट ऑर्डर होत्या का? असतील तर तुलनाच बदलते. आपल्या केसमध्ये नव्हत्या, कारण तेव्हा नवीन पेज आलंच नव्हतं. आणि दुसरं, तिने टेस्ट ऑर्डर मुद्दाम ठेवल्या असतील का? कधीकधी आपल्याला जी चूक वाटते ती वेगळी व्याख्या असते, जसं की कुणाला सिस्टिममधून गेलेल्या सगळ्याच ऑर्डर मोजायच्या असतात. मेसेजमध्ये तसं लिहिलेलं नसेल आणि लोक त्याचा अर्थ "ग्राहकांनी रद्द केल्या" असाच घेत असतील, तर दुरुस्ती गरजेचीच आहे, फक्त तिचा सूर "हा आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे" असा हवा.

शीट उघडा, ओळ बघा, फिल्टर बघा. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या. "मला वाटतं काहीतरी गडबड आहे" एवढ्याच भांडवलावर चॅनेलवर लिहू नका.

मग ठरवा, डीएम की चॅनेल

लोक याला स्वभावाचा प्रश्न समजतात, पण हा खरं तर वेळेचा प्रश्न आहे. स्वतःला विचारा, या चुकीवर कुणी पुढचं पाऊल कधी उचलणार आहे? आपल्या केसमध्ये उत्तर सरळ आहे, आज दुपारी. म्हणजे तिला स्वतः दुरुस्त करायला द्यायला आपल्याकडे अर्धा-पाऊण तास आहे. समजा तोच आकडा पुढच्या सोमवारच्या मीटिंगसाठी असता, तर अख्खा दिवस दिला असता तरी बिघडलं नसतं. आणि कुणी "आत्ता बंद करतोय" म्हणाला असता तर थेट चॅनेलवर, डीएम फक्त कळवण्यापुरता आणि तोही त्याच मिनिटाला.

वेळ असेल तर डीएम आधीच, कारण चूक करणाऱ्याने स्वतः दुरुस्ती टाकली की तो प्रसंग त्याच्या हातात राहतो. तीच दुरुस्ती दुसऱ्याने टाकली की कितीही गोड शब्दांत टाकली तरी सगळ्यांना "पकडली गेली" असंच दिसतं.

डीएम कसा असावा

नुसतं "हाय" किंवा "एक मिनिट आहेस का?" लिहून थांबू नका. समोरच्याच्या पोटात गोळा येतो, आणि ती मीटिंगमध्ये असेल तर वीस मिनिटं वाया जातात. एकाच मेसेजमध्ये सगळं द्या, म्हणजे काय दिसलं, कुठे दिसलं, बरोबर आकडा काय येतोय, आणि किती वेळ आहे. असं काहीतरी:

> अगं, रद्द ऑर्डरींच्या आकड्यात टेस्टिंगच्या १४० ऑर्डर आल्यात असं दिसतंय, शीटमध्ये "टेस्ट" कॉलम बघ, फिल्टर लागलेला नाहीये. त्या वर-खाली दोन्हीकडून काढल्या तर २२० / १,८६० म्हणजे ११.८ टक्के येतात. खाली डिस्काउंट बंद करायचं चाललंय म्हणून लगेच लिहितोय. तू बघून चॅनेलवर टाकतेस का? मीटिंगमध्ये असशील तर ११:१५ ला मी थ्रेडमध्ये आकडा टाकतो, म्हणजे ते लोक थांबतील.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही चॅनेलवर लिहिणार आहात हे तिला आधी कळलेलं असलं की ते पाठीत वार केल्यासारखं वाटत नाही. आणि वेळ घातलीये म्हणून ती मेसेज वाचून "बघते नंतर" म्हणून सोडून देत नाही. ही धमकी वाटू नये म्हणून कारण सोबत द्यायचं, ते लोक थांबावेत म्हणून, तुला उघडं पाडायला नाही.

एक सवय मात्र सोडा, खोटा प्रश्न विचारायची. "हा आकडा नक्की बरोबर आहे ना?" असं, जेव्हा तुम्हाला पक्कं माहितेय की नाहीये. समोरची भाबडेपणाने "हो, बरोबर आहे, चेक केलाय" म्हणते, आणि मग तुम्ही शीट दाखवता. आता ती दोनदा चुकली, एकदा आकड्यात आणि एकदा तुमच्या सापळ्यात. माहीत असेल तर सरळ सांगा. खरंच माहीत नसेल तरच विचारा, आणि तेव्हाही का शंका आली ते लिहा.

११:१५ झाले, उत्तर नाही

आता थ्रेडमध्ये लिहायचं. सगळ्यात आधी काय काय नको ते बघू.

"हा आकडा चुकीचा आहे, टेस्ट ऑर्डर काढल्या नाहीत." माहिती खरी आहे, पण सुरुवातच निकालाने होते आणि बरोबर आकडा कुठेच नाही, म्हणजे वाचणाऱ्याला चूक कळली पण पुढे काय ते नाही.

"तू टेस्ट ऑर्डर काढायला विसरलीस वाटतं 😅" इथे कर्ता माणूस आहे, आणि विसरली की तिला कुणी सांगितलंच नव्हतं हे तुम्हाला माहीतही नाही. ती स्मायली तुम्हाला हलकीफुलकी वाटते, पण तीस जणांसमोर जिच्यावर हसलं जातंय तिला ती तशी वाटत नाही.

"मागच्या महिन्यातच सांगितलं होतं की टेस्ट ऑर्डर वगळायच्या." हे दुरुस्तीसाठी लिहिलेलं नाही, हे हिशेब चुकता करायला लिहिलेलं आहे, आणि सगळ्यांना ते दिसतं.

आणि एक अगदी वेगळ्या टोकाचं, "सॉरी, कदाचित माझंच चुकत असेल, पण मला असं वाटतं की बहुतेक..." याने कुणाचा अपमान होत नाही हे खरं, पण मार्केटिंगवाला वाचतो आणि म्हणतो, अजून नक्की नाहीये म्हणजे, आणि डिस्काउंट बंद करून टाकतो. पक्कं माहीत असताना केलेली ही नम्रता इथे महागात पडते.

आता चालणारा मेसेज:

> टेस्ट ऑर्डर वगळल्यावर रद्दचं प्रमाण ११.८ टक्के येतंय (१,८६० पैकी २२०), आधीच्या महिन्यात ११ होतं. मागच्या महिन्यात नवीन पेमेंट पेजच्या टेस्टिंगच्या १४० ऑर्डर याच शीटमध्ये आल्यात, त्यामुळे १८ दिसतंय. डिस्काउंटचा निर्णय या आकड्यावर घ्यावा, तोपर्यंत थांबूया. कारणनिहाय तक्ता वरच्या मेसेजमध्ये आहे तोच वापरता येईल, टेस्ट ऑर्डर त्यात वेगळ्या ओळीत आहेत.

क्रम बघा. पहिल्या ओळीत बरोबर आकडा, कारण घाईत माणूस तेवढीच ओळ वाचतो, नोटिफिकेशनमध्येही तेवढीच दिसते. दुसऱ्या ओळीत फरक कुठून आला, आणि तिथे कर्ता "ऑर्डर" आहेत, "तू" नाही. ऑर्डर शीटमध्ये आल्या, प्रमाण १८ दिसलं. मराठीत हे सहज जमतं, "तू चुकीचा आकडा टाकलास" ऐवजी "आकड्यात या ऑर्डर आल्यात", आणि यात लपवाछपवी काहीच नाही, चूक काय आणि किती ते सगळं लिहिलेलंय. तिसऱ्या ओळीत कोणी काय थांबवायचं. चौथीत तिच्या कामातलं काय अजून वापरता येतंय ते, पण ते खरं असेल तरच लिहा. तक्ताही चुकला असेल तर तसं लिहा. खोटं कौतुक, म्हणजे "मस्त रिपोर्ट, फक्त एक छोटीशी गोष्ट", हे सगळ्यांना ओळखू येतं आणि "फक्त" म्हटल्यावर पुढे मोठी चूक निघाली की अजूनच टोचतं.

तिचं नाव टॅग करायचं का? दुरुस्तीच्या मेसेजमध्ये नको. मार्केटिंगवाल्याला मात्र टॅग करा, कारण थांबायचं त्याला आहे. मॅनेजरला टॅग करण्याआधी जरा विचार करा, त्याने अंगठा दिलाय म्हणून त्याला कळायला हवं हे बरोबर, पण त्याचं नाव आलं की दुरुस्तीला तक्रारीचा वास येतो. मार्केटिंगवाला थांबला तर मॅनेजरला वेगळं सांगायची गरजच पडत नाही.

आणि हो, तू-तुम्हीचं भान ठेवा. एरवी ज्याला अरे-तुरे करता त्याला चॅनेलवर अचानक "आपण कृपया तपासावे" लिहिलंत तर ते आदराचं वाटत नाही, नोटीस आल्यासारखं वाटतं. आणि उलट, ज्या सिनियरना अहो-जाहो करता त्यांच्या चुकीवर थ्रेडमध्ये सलगी दाखवायला जाऊ नका. रोज जसं बोलता तसंच लिहा.

थ्रेड, चॅनेल, ग्रुप: दुरुस्ती पोचते का?

स्लॅकसारख्या ठिकाणी थ्रेडमध्ये लिहिलेलं मुख्यतः थ्रेडमध्ये आधी बोललेल्यांना किंवा टॅग झालेल्यांना कळतं. ज्यांनी फक्त वरचा मेसेज वाचला आणि १८ हा आकडा डोक्यात घेऊन गेले त्यांना कळत नाही. म्हणून थ्रेडमध्ये लिहिताना खाली तो चौकोन असतो, उत्तर चॅनेलवरही पाठवायचा, तो इथे टिक करा. छोट्या चुकीला टिक नको, उगाच दवंडी होते. पण निर्णय अडलाय आणि आकडा बऱ्याच जणांनी पाहिलाय, तर टिक हवीच, आणि मेसेज वर दिलाय तसा असेल तर त्याने कुणाची शोभा होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गोष्ट वेगळी आहे. तिथे मेसेजला रिप्लाय केला की मूळ चुकीचा मेसेज तिच्या नावासकट तुमच्या मेसेजच्या डोक्यावर परत चिकटतो, म्हणजे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांनाही आधी चूक दिसते आणि मग दुरुस्ती. म्हणून तिथे कोट न करता नवा मेसेज लिहा, सुरुवातीलाच विषय सांगा, "मागच्या महिन्याच्या रद्द ऑर्डर: ११.८ टक्के". फक्त मध्ये वीस-तीस मेसेज येऊन गेले असतील आणि कशाबद्दल बोलताय ते कळणारच नसेल तर कोट करावं लागतं.

मूळ मेसेज एडिट करायचं काम तिचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांतच एडिट होतो, स्लॅकवर किती वेळ चालतो ते कंपनीच्या सेटिंगवर असतं. एडिट करताना १८ पुसून गुपचूप ११.८ टाकू नये असं तिला डीएममध्ये सांगा. कारण खाली मार्केटिंगवाल्याचं "बापरे" तसंच राहतं आणि तो बिचारा विनाकारण वेडा ठरतो. जुना आकडा खोडलेला दिसू द्यावा आणि पुढे "दुरुस्त: ११.८, थ्रेड बघा" एवढं टाकावं. शिवाय एडिट केल्याने लोकांना परत नोटिफिकेशन जात नाही, त्यामुळे नुसत्या एडिटवर भागत नाही, नवा मेसेज लागतोच.

नंतरची वीस मिनिटं

दुरुस्ती कितीही नीट लिहिली तरी लाज वाटायला लावणारा भाग बऱ्याचदा पुढे येतो, दुसऱ्यांकडून. कुणी लिहितं "मलाही वाटलंच होतं", कुणी डोळ्यांची इमोजी टाकतं, कुणी विचारतं "मग आधीचे रिपोर्टही असेच आहेत का?" एकाच्या दुरुस्तीचं पाच जणांचं कोर्ट होतं. तुम्ही विषय काढलाय तर तो बंद करणंही तुमच्याकडे आलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माहीत असेल तर लगेच द्या, "आधीच्या महिन्यांत टेस्ट ऑर्डर नव्हत्या, तपासलंय", आणि माहीत नसेल तर "आज संध्याकाळपर्यंत बघून इथेच टाकतो". "वाटलंच होतं"ला उत्तर देऊ नका, त्याला पुढे सरकायला काही मिळालं नाही की ते तिथेच संपतं. कुणी थेट तिच्यावर घसरलं तर त्याला डीएम करा, "आकडा आलाय, आता थांबवूया", त्याला सगळ्यांसमोर सुनावलं की तुम्हीही तेच केलंत.

मग ती मीटिंगमधून येते आणि लिहिते, "सॉरी सॉरी, माझं लक्षच गेलं नाही." इथे लोक दोन प्रकारे घोळ घालतात. एक तर समजावत बसतात, "अगं काही नाही, होतं असं, आमच्याकडूनही होतं," चार जण चार मेसेज, आणि चूक अजून वर राहते. नाहीतर कुणीच काही बोलत नाही आणि तिची माफी थ्रेडच्या तळाशी लटकत राहते. एक ओळ पुरे, आणि ती कामाकडे जाणारी हवी: "आकडा वेळेत आला, डिस्काउंट चालू आहे. नवीन तक्ता टाकशील तेव्हा पिन करूया."

सगळं जमलं की नाही हे कसं ओळखायचं? पुढचा रिपोर्ट बघा. ती नेहमीसारखा चॅनेलवर टाकत असेल, कुणी प्रश्न विचारला तर थ्रेडमध्ये उत्तर देत असेल, तर ठीक. पण रिपोर्ट आता थेट मॅनेजरच्या डीएममध्ये जायला लागला, किंवा प्रत्येक आकड्याआधी "चुकत असेन तर सांगा" यायला लागलं, तर समजा कुठेतरी लागलंय. मग बाजूला, समोरासमोर किंवा फोनवर विचारा, लिहून नको.

हे सगळं कुठे लागू पडत नाही

चॅनेलवर कुणी पासवर्ड, अ‍ॅक्सेस की किंवा ग्राहकांची खासगी माहिती टाकली असेल तर ११:१५ ची वाट बघायची नाही. फोन करा, मेसेज डिलीट करायला सांगा, आणि पासवर्ड लगेच बदला, कारण डिलीट करण्याआधी कुणी पाहिलाय, कुठे नोटिफिकेशनमध्ये राहिलाय ते कळत नाही. चॅनेलवर फक्त "पासवर्ड बदललाय, नवा पासवर्ड-मॅनेजरमधून घ्या" एवढंच. कुणी टाकला ते लिहायची गरज नाही. पण सिक्युरिटीच्या माणसांना किंवा जे कुणी जबाबदार असतील त्यांना खरं आणि पूर्ण सांगायचं, तिथे मैत्री मध्ये आणायची नाही.

आणि तीच चूक तिसऱ्यांदा होत असेल तर दुरुस्तीचा मेसेज तसाच राहतो, अजिबात कडक करायचा नाही. वारंवारतेबद्दल बोलायचं ते वेगळं, एकटीशी, आणि आधी चुकीची वाट कुठून फुटतेय ते बघून. आपल्या केसमध्ये ती वाट शीटमध्येच आहे, फिल्टर दर महिन्याला हाताने लावावा लागतो. तो एकदा शीटच्या मूळ क्वेरीत टाकला की विषयच संपतो. ते मात्र त्या थ्रेडमध्ये सुचवू नका, तिथे ते शिक्षेसारखं दिसतं. दोन दिवसांनी, टेस्टिंगवाल्यांनाही घेऊन, वेगळ्या मेसेजमध्ये:

> टेस्ट ऑर्डरना आता वेगळी खूण आहे, तर ती खूण असलेल्या ऑर्डर शीटमध्ये येऊच नयेत असं करूया का? म्हणजे रिपोर्ट करणाऱ्याला फिल्टर लक्षात ठेवावा लागणार नाही. क्वेरी मी बदलतो, पुढच्या रिपोर्टआधी दोघं मिळून एकदा आकडे ताडून बघू.